भोकातून निघालेली पूड

आमच्या बेडरूमच्या खिडकीखाली ड्रिलचा पहिला घाव बसला, तेव्हा फिटरने एक साधी गोष्ट केली. भोकाखाली त्याने जुन्या वर्तमानपत्राचा द्रोण धरला होता. चार-पाच सेकंदांत मशीन थांबवून त्याने द्रोणात पाहिलं, चिमूटभर पूड बोटांत चोळली आणि मला म्हणाला, “काका, भिंत ब्लॉकची आहे. हे फास्टनर इथे नाही चालणार.” पूड पांढरी होती, पिठासारखी मऊ. स्टँड, चार बोल्ट, रबरी पॅड, सगळं आणून ठेवलेलं होतं. तरी काम त्या दिवशी थांबलं आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या सामानाने झालं.

ठाण्यातली इमारत, सहावा मजला, दीड टनाचा इन्व्हर्टर एसी. त्याचं आउटडोअर युनिट साधारण 32 किलोंचं. खाली सोसायटीची वाट, वाटेवर येणारी-जाणारी माणसं. आउटडोअर भिंतीला टांगायचं म्हणजे दोन एल आकाराच्या लोखंडी ब्रॅकेटचा जोड, ज्याला सगळे ‘स्टँड’ म्हणतात, तो भिंतीवर अँकर बोल्टने आवळायचा, त्यावर रबरी पॅड ठेवून युनिट बसवायचं आणि त्याचे चार पाय नट-बोल्टने बांधायचे. ऐकायला हे खुंटी ठोकण्याइतकं सोपं वाटतं. पण युनिट नेमकं कशावर टांगलेलं असतं, हे कळलं की त्या चिमूटभर पुडीसाठी काम का थांबलं तेही कळतं.

वरचा बोल्ट काय सोसतो

वजन 32 किलो म्हणजे प्रत्येक बोल्टवर आठ-आठ किलो, असा हिशेब आपण मनात करतो. तो दोन ठिकाणी चुकतो. पहिली गोष्ट, आउटडोअरचं वजन दोन्ही बाजूंना सारखं नसतं. कॉम्प्रेसर एका कडेला असतो आणि तोच सगळ्यात जड. उचलताना एक बाजू खाली ओढते ती त्यामुळेच. आमच्या युनिटमध्ये कॉम्प्रेसरच्या बाजूच्या ब्रॅकेटवर 20 किलो आणि दुसऱ्यावर 12 किलो धरू.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हे वजन भिंतीला चिकटून नसतं, भिंतीपासून पुढे असतं. हवा आत ओढली जावी म्हणून युनिटच्या मागे दहा-पंधरा सेंटिमीटर जागा सोडावी लागते. त्यात युनिटची अर्धी जाडी मिळवली की वजनाचा मध्य भिंतीपासून सुमारे 28 सेंटिमीटरवर येतो. भिंतीवरच्या फळीवर पुढच्या टोकाला जड डबा ठेवला की फळीचा खालचा भाग भिंतीला रेटतो आणि वरचा भाग भिंतीपासून सुटायला बघतो. ब्रॅकेटचंही तसंच होतं. त्याचं खालचं टोक भिंतीवर दाबलं जातं आणि वरचा बोल्ट बाहेर ओढला जातो. वरचा बोल्ट खालच्या टोकापासून 30 सेंटिमीटर वर असेल तर त्याच्यावरची ओढ 20 गुणिले 28 भागिले 30, म्हणजे सुमारे 19 किलो.

म्हणजे फार नाही. पण याच ब्रॅकेटची उभी पट्टी आखूड असती आणि हे अंतर 15 सेंटिमीटरच असतं, तर ओढ दुप्पट झाली असती. स्वस्त, आखूड स्टँड घेतला की वाचलेल्या पैशांची किंमत वरचा बोल्ट मोजतो. शिवाय आपल्याकडे स्टँडवर फक्त युनिट नसतं. गॅस भरायला किंवा सर्व्हिसिंगला आलेला माणूस खिडकीतून बाहेर वाकतो आणि नकळत गुडघा किंवा हात युनिटवर टेकतो. भिंतीपासून 35 सेंटिमीटरवर 60 किलोंचा भार एका ब्रॅकेटवर आला, तर त्याची ओढ 70 किलोंची. आधीचे 19 धरून ती जवळपास 90 किलोंवर जाते. स्टँड हा माणसाने टेकायचा आधार नाही, हे कितीही सांगितलं तरी एखाद्या दिवशी कोणीतरी टेकतंच. बोल्ट बसवताना त्या दिवसाचा विचार करायचा असतो.

दहा मिलिमीटर जाडीचा पोलादी बोल्ट 90 किलोंनी तुटत नाही. तो तुटत नसतोच, तो उपटून येतो. म्हणून बोल्टापेक्षा त्याला धरून ठेवणारी भिंत काय आहे, हे आधी बघावं लागतं.

पाचर आणि तिची भिंत

अँकर बोल्ट, म्हणजे बाजारातला ‘फास्टनर’, भोकात अडकून बसतो तो पाचरीच्या तत्त्वावर. बोल्टचं आतलं टोक शंकूसारखं रुंद असतं आणि त्याच्या गळ्याभोवती चिरलेली पत्र्याची नळी किंवा कडं असतं. बाहेरून नट आवळला की बोल्ट थोडा बाहेर सरकतो, शंकू त्या नळीत घुसतो, नळी पाकळ्यांसारखी उघडते आणि भोकाच्या कडांवर दाबून बसते. बोल्ट धरून ठेवतं ते हे घर्षण. जितकं आवळाल तितकी पाचर घट्ट, पण एका अटीवर: भोकाच्या कडांनी तो दाब सोसला पाहिजे.

लाकूडतोड्या ओंडक्यात पाचर ठोकतो ती तो फुटावा म्हणून. भिंतीत आपल्याला ती फुटायला नको असते. बीम किंवा कॉलमचं काँक्रीट हा दाब आरामात सोसतं. त्यात नीट बसलेला 10 मिलिमीटरचा फास्टनर काही शे किलोंची ओढ झेलतो. मात्र तिथेही कडेच्या फार जवळ भोक पाडलं तर काँक्रीटचा कोपरा फुटतो, कारण पाचर शेवटी पाचरच. 10 मिलिमीटरच्या बोल्टला कडेपासून आणि शेजारच्या बोल्टपासून साधारण 10 सेंटिमीटर अंतर ठेवावं.

पक्क्या भाजलेल्या विटेच्या मध्यभागी बोल्ट आला तर तीही हा भार झेलते. पण बोल्ट दोन विटांमधल्या दरजेत गेला, तर पाचर नुसत्या मॉर्टरला दाबत बसते आणि तो भुगा होऊन मोकळा होतो. बाहेरून गिलावा असल्यामुळे दरज दिसत नाही. म्हणून जाणता फिटर भोक पाडताना मशीनचा धक्का हाताने ओळखतो. बिट एकदम पुढे सरकलं तर दरज किंवा पोकळी लागली असं समजून जागा बदलतो. विटेत हॅमरचा जोरही कमी ठेवतो, नाहीतर भोक पडतानाच वीट आतून तडकते.

तिसरी भिंत पांढऱ्या, हलक्या एएसी ब्लॉकची. बोलीत तिला अजून ‘सिपोरेक्स’ म्हणतात. नव्या इमारतींत काँक्रीटच्या सांगाड्यामधल्या भिंती बऱ्याचदा याच असतात. या ब्लॉकमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, म्हणून तो हलका असतो आणि उन्हाळ्यात घर थोडं थंड ठेवतो. पण बुडबुड्यांची किंमत ताकदीत मोजावी लागते. बीमच्या काँक्रीटची दाब सोसण्याची ताकद 25 असेल, तर त्याच मोजमापाने ब्लॉकची साधारण 3 ते 4. त्यात पाचर फाकली की कडा दबून पीठ होतात. नट सुरुवातीला घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि मग फिरतच राहतो. एखाद्या फिटरने अंदाजाने तिथेच थांबून युनिट चढवलं, तर ते त्या दिवशी पडत नाही. कॉम्प्रेसरच्या कंपनाने भोकातलं पीठ हळूहळू सुटत जातं, वरचा बोल्ट एकेक मिलिमीटर बाहेर येतो आणि ब्रॅकेटच्या वरच्या टोकामागे फट दिसू लागते. तीच धोक्याची पहिली खूण.

भिंत कोणती हे बाहेरून रंगावर कळत नाही, पुडीवर कळतं. राखाडी, कडक, मशीनला दमवणारी पूड म्हणजे काँक्रीट. लाल म्हणजे वीट. पांढरी, पिठासारखी आणि बिट लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं, तर ब्लॉक. पहिले दोन सेंटिमीटर मात्र सगळीकडे गिलाव्याचीच राखाडी पूड येते, म्हणून निकाल त्यानंतरच्या पुडीवर द्यायचा. राखाडी पूड येत असताना बिट एकदम अडलं आणि पुडीत चकाकणारे कण दिसले, तर सळई लागली. ती कापायची नाही. ते भोक मॉर्टरने भरून दुसरीकडे सरकायचं. आणि बीम-कॉलमला हात लावण्याआधी सोसायटीला विचारायचं.

गिलाव्याचे दोन सेंटिमीटर

हाच गिलावा आणखी एका ठिकाणी फसवतो. बोल्टची लांबी आपण भिंतीच्या पृष्ठभागापासून मोजतो, पण गिलाव्यात बोल्टला काहीच पकड नसते. आमच्यासाठी आधी आणलेले फास्टनर 80 मिलिमीटरचे होते. त्यातले ब्रॅकेटची पट्टी, वॉशर आणि नट यांना सुमारे 15 गेले. बाहेरचा गिलावा 20 ते 25. उरले जेमतेम 40. काँक्रीटमध्ये 10 मिलिमीटरच्या फास्टनरला साधारण 60 मिलिमीटर आत जायला हवं. म्हणजे भिंत काँक्रीटची असती तरी हे बोल्ट आखूडच पडले असते. तिथे 100 मिलिमीटरचे घ्यायला हवे होते.

भोक पाडून झाल्यावर त्यातली पूड काढणं हेही कामच आहे, वेळखाऊ टापटीप नव्हे. पूड आत राहिली तर नळी कडांवर नाही, पुडीवर दाबते आणि पूड घसरते. बारीक ब्रश फिरवून, हातपंपाने फुंकून भोक साफ करायला एक मिनिट लागतं. तोंडाने फुंकू नये, पूड डोळ्यांत जाते.

आमच्या भिंतीवर काय केलं

ब्लॉकच्या भिंतीला तीन वाटा असतात. स्टँड बीमपर्यंत खाली न्यायचा, ब्लॉकसाठी बनवलेल्या रसायनाने बोल्ट चिकटवायचा किंवा बोल्ट भिंतीच्या आरपार काढायचा. बीम आमच्या खिडकीपासून इतका खाली होता, की युनिट तिथे नेलं असतं तर सर्व्हिसिंगला कोणाचा हात पोचला नसता. आम्ही आरपार बोल्ट घेतला. त्यात पाचरीचा प्रश्नच उरत नाही. आतल्या बाजूला रुंद लोखंडी प्लेट असते आणि ओढ त्या प्लेटमधून ब्लॉकच्या मोठ्या पृष्ठभागावर पसरते.

मापं अशी होती. ब्रॅकेट 3 मिलिमीटर, बाहेरचा गिलावा 20, ब्लॉक 150, आतला गिलावा 12, आतली प्लेट 6. बेरीज 191. दोन्ही टोकांना वॉशर, नट आणि वर थोडा आटा धरून 10 मिलिमीटर जाडीच्या आटे पाडलेल्या रॉडचे 250 मिलिमीटरचे चार तुकडे कापले. आतल्या प्लेट 10 सेंटिमीटर चौरस. बाहेरच्या बाजूलाही ब्रॅकेटची अरुंद पट्टी थेट गिलाव्यावर न टेकवता तिच्यामागे तशीच प्लेट घातली, म्हणजे खालचं टोक भिंतीत रुतणार नाही. ब्लॉकमध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवूनच भोक पाडलं आणि ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवलं, पावसाचं पाणी आत यायला नको म्हणून. आवळताना जोर मर्यादित ठेवला. प्लेट हलायची थांबली की थांबायचं. त्यापुढे आवळलं तर प्लेटच ब्लॉक चिरडते. शेवटी बाहेर बोल्टभोवती सिलिकॉन भरलं. आतल्या प्लेट आता कपाटामागे आहेत.

दोन ब्रॅकेटमधलं अंतर पुस्तकातून घेतलं नाही, युनिटच्या पायांची भोकं टेपने मोजून घेतलं. पहिला ब्रॅकेट ओळंब्यात, मग पाणसळ ठेवून दुसरा त्याच्या रेषेत. युनिट बाहेर काढण्याआधी ते दोरीने आतल्या बाजूला बांधलं होतं आणि चारही पायांचे नट लागेपर्यंत ती दोरी सोडली नाही. फिटरच्या कमरेचा पट्टाही आतच बांधलेला होता. खाली वाटेवर एक माणूस लोकांना थोपवत उभा होता.

पॅड किती दबतो

आता पॅड. चार रबरी तुकडे पायांखाली ठेवले की आवाज जातो, असं समजलं जातं. कधी जातो, कधी उलट वाढतो. कारण पॅडचं काम मऊपणाने होतं आणि मऊपणा मोजता येतो.

साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला सुमारे 48 फेरे मारतो. घरात ऐकू येणारी ती जाड घूं तिथून येते. पॅडवर बसलेलं युनिट हे स्प्रिंगवरच्या वजनासारखं असतं. त्याला हलकं दाबून सोडलं तर ते स्वतःच्या लयीत वर-खाली होतं. ही लय पॅड वजनाखाली किती दबला यावर ठरते. 1 मिलिमीटर दबला तर सेकंदाला सुमारे 16 वेळा, 0.1 मिलिमीटरच दबला तर सुमारे 50 वेळा. झोपाळ्याला त्याच्याच लयीत धक्का दिला की झोका वाढत जातो, हे आपल्याला माहीत आहे. कडक, न दबणारा पॅड घातला की युनिटची लय कॉम्प्रेसरच्या लयीवर येऊन बसते आणि कंप वाढतो. 1 मिलिमीटर दबणारा पॅड घातला तर कॉम्प्रेसर त्या लयीच्या तिप्पट वेगाने धक्के देतो, झोका पकडतच नाही आणि कागदावरच्या हिशेबाने भिंतीत जेमतेम आठवा भाग उतरतो. प्रत्यक्षात स्टँडही लवतो आणि रबर कंपनाखाली थोडं ताठ होतं, म्हणून फायदा याहून कमी. पण दिशा हीच.

इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो. खोली थंड झाल्यावर तो अगदी हळू फिरतो आणि तेव्हा मऊ पॅडच्या लयीजवळ येऊ शकतो. दिवसा शांत असलेला एसी रात्री दोन वाजता घुमतो, याचं एक कारण हे. त्यावर पॅड बदलून बघता येतो, पण कुठलाही एक पॅड सगळ्या वेगांना पुरा पडत नाही.

पॅड चांगला असूनही कंप भिंतीत जाण्याची सगळ्यात साधी वाट म्हणजे पायाचा बोल्ट. तो पॅडच्या मधून जातो. वरून नट करकचून आवळला तर रबर चपटं होऊन ताठ होतं आणि लोखंडी पायापासून लोखंडी ब्रॅकेटपर्यंत बोल्टचा थेट पूल तयार होतो. मग पॅड असून नसल्यासारखा. उपाय असा: नटाखालीही रबरी वॉशर घालायचा, पॅडच्या कडा किंचित फुगेपर्यंतच आवळायचं आणि तो नट सुटू नये म्हणून त्यावर दुसरा नट किंवा नायलॉनचं कडं असलेला नट लावायचा. दुसरी वाट तांब्याच्या पाइपची. पाइप युनिटजवळ ताठ ओढून भिंतीला क्लॅम्प केला तर पॅडने अडवलेला कंप पाइपातून उतरतो. तिथे एक सैल वळण ठेवावं.

काही ठिकाणी ब्रॅकेट आणि भिंत यांच्यामध्ये जाड रबर घालतात. ते टाळावं. रबर कालांतराने बसतं, त्याबरोबर भिंतीवरच्या बोल्टची आवळणी सैल होते, आणि जो बोल्ट भिंतीला घट्ट चिकटून राहायला हवा तो मोकळ्या लांबीवर वाकू लागतो. आउटडोअरने हलावं, स्टँडने हलू नये.

वर्षातून एकदा बघायच्या खुणा

काम संपल्यावर फिटरने घरातलं नेलपेंट मागितलं आणि प्रत्येक नटावरून बोल्टवर जाणारी एक सरळ लाल रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटते. पुढच्या सर्व्हिसिंगला पाना लावायचीही गरज नाही, खिडकीतून टॉर्च मारली की कळतं.

दुसरी खूण गंजाची. समुद्राजवळच्या हवेत बोल्टवरचा झिंकचा पातळ मुलामा लवकर जातो आणि बोल्टखाली भिंतीवर तांबूस ओघळ दिसू लागतो. ओघळ दिसला म्हणजे पाणी बोल्टपर्यंत पोचलंय. मुंबई, ठाणे, कोकण, गोव्यात जाड गॅल्व्हनाइज्ड स्टँड आणि स्टेनलेसचे बोल्ट घेतले तर पैसे सत्कारणी लागतात. पावडर कोटिंगच्या स्टँडला कुठे ओरखडा पडला असेल तर तिथे आधीच प्रायमर लावून घ्यावा. तिसरी खूण रबराची. नखाने दाबल्यावर पॅड दबत नसेल किंवा त्यावर बारीक भेगा असतील, तर ऊन-पावसाने तो संपला, बदलायचा. आणि चौथी, सर्वांत गंभीर: ब्रॅकेटच्या वरच्या टोकामागे भिंतीशी फट. ती दिसली तर एसी बंद करायचा, खालची जागा मोकळी करायची आणि माणूस बोलवायचा. नुसता नट आवळून ती फट मिटवू नये. फट म्हणजे बोल्ट उपटायला लागला आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर फिटरच्या मागे दहा घरं असतात आणि त्याच्या पिशवीत बहुतेकदा एकाच मापाचे फास्टनर असतात. त्याला रागवण्यात अर्थ नाही. पहिलं भोक पडलं की त्याला फक्त एक विचारा, “पूड कुठल्या रंगाची निघाली?” उत्तर ‘पांढरी’ असेल आणि हातात तरीही फास्टनर असतील, तर काम त्या दिवशी थांबवा.